नंबर तोच, अक्षर बदलतं

सॉलिडवर्क्समध्ये असेम्ब्ली उघडली की पडद्यावर अख्खं मशीन दिसतं, त्यामुळे सगळे पार्ट त्याच फाइलच्या पोटात असतील असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे असतात ते मुख्यतः पत्ते: कुठल्या फोल्डरमधली कुठल्या नावाची फाइल घ्यायची आणि ती कुठे, कशी बसवायची. तीन-चार डिझायनर एकाच कन्व्हेयरवर काम करत असले की होणारे बरेचसे घोटाळे इथूनच निघतात. कुणी परस्पर फोल्डरमध्ये जाऊन फाइलचं नाव बदललं, तर असेम्ब्लीला ती सापडत नाही. पण कुणी नावाला `_revB` जोडून नवी फाइल केली, तर असेम्ब्ली काही तक्रार न करता जुनीच दाखवत राहते. हा प्रकार जास्त महागात पडतो, कारण तो उघडकीला येतो तो व्हेंडरकडून जुन्या मापाच्या प्लेटा कापून आल्यावर.

म्हणून कामाच्या फाइलला नाव एकच, पार्ट नंबर: `10237.SLDPRT`. रिव्हिजनचं अक्षर ड्रॉइंगच्या चौकटीत आणि फाइलच्या प्रॉपर्टीत लिहायचं. नंबर एका एक्सेल रजिस्टरमधून ओळीने उचलायचे. पुढे वर्णन आणि फाइल सध्या कोणाकडे आहे ते. नंबरातच कन्व्हेयर, माइल्ड स्टील, ८ मिमी असं सगळं कोंबायचा मोह होतो. पुढे प्लेट १० मिमीची झाली की तो नंबर खोटं बोलू लागतो. सातबाऱ्यावरचा गट नंबर शेतात ऊस आहे की हरभरा हे सांगत नाही, म्हणूनच पीक बदललं तरी तो टिकतो.

आता खरा पेच. बदल झाला की नवं अक्षर द्यायचं की नवा नंबर? कसोटी अदलाबदलीची. 10237 हा गिअरबॉक्सचा ब्रॅकेट समजा: एम ८ बोल्टसाठी ९ मिमीची चार भोकं. वर्कशॉप म्हणालं, कोपरे हाताला लागतात, गोल करा. जुना ब्रॅकेट नव्याच्या जागी बसतो, नवा जुन्याच्या. म्हणून नंबर तोच, रिव्हिजन A चं B. पुढे गिअरबॉक्सच बदलला. त्याला एम १० बोल्ट लागतात, म्हणून ११ मिमीची भोकं, त्यांचं अंतरही वेगळं. हा ब्रॅकेट जुन्या गिअरबॉक्सला चालणार नाही, म्हणून त्याला नवा नंबर, 10318. कन्व्हेयर विकून पाच वर्षं झालेल्या गिऱ्हाइकाने 10237 मागितला तर त्याला जुन्याच भोकांचा मिळाला पाहिजे.

एवढ्यावर थांबता येत नाही. ब्रॅकेट आणि गिअरबॉक्स मिळून होणारं ड्राइव्ह युनिट 10240 घ्या. ते अख्खं युनिट पूर्वीसारखंच फ्रेमवर बसत असेल, शाफ्टची उंची आणि वेग तोच असेल, तर त्याचं फक्त अक्षर बदलतं. शाफ्ट १५ मिमी वर गेला तर युनिटलाही नवा नंबर द्यावा लागतो, आणि हाच प्रश्न त्याच्या वरच्या असेम्ब्लीला विचारायचा. जिथे अदलाबदल पुन्हा जमते तिथे नव्या नंबरांची साखळी तुटते.

फोल्डर तीन पुरतात: `1_Work`, `2_Release`, `3_Old`. पहिल्यात चालू मॉडेल, सर्व्हरवर, सगळ्यांच्या मशीनवर एकाच ड्राइव्ह अक्षराखाली. डेस्कटॉपवर कॉपी करून काम करायचं नाही. असेम्ब्ली उघडताना त्याच नावाची फाइल आधीच उघडी असेल तर प्रोग्रॅम तीच घेतो, आणि डेस्कटॉपवरचा ब्रॅकेट गुपचूप मशीनमध्ये शिरतो. शंका आली तर फाइल मेनूतलं `Find References` उघडावं. यादीत कुठे `C:\` दिसलं की चोर सापडला. रजिस्टरमध्ये जी फाइल आपल्या नावावर नाही ती फक्त वाचण्यापुरती उघडावी, कारण असेम्ब्ली सेव्ह करताना आपण हातही न लावलेले पार्ट सेव्ह होऊ शकतात.

काम मंजूर झालं की `2_Release` मध्ये `10237_B.pdf` आणि स्टेप फाइल जाते. इथे अक्षर नावात हवंच, कारण या कागदाला कुठलीच असेम्ब्ली जोडलेली नसते. A त्याच दिवशी `3_Old` मध्ये हलवायचं. शिवाय `Pack and Go` वापरून त्या घडीच्या मॉडेलची झिप तिथे ठेवायची, नाहीतर पुढच्या बदलात B चं मॉडेल पुसलं जाईल. `2_Release` मध्ये लिहायचा हक्क एकाच माणसाकडे असावा. वर्कशॉपला आणि व्हेंडरला तेवढाच फोल्डर दिसावा.

एका खोलीतल्या चार जणांना एवढं पुरतं. दुसरं ऑफिस ड्राइव्ह सिंक करून जोडलं की ही पद्धत लंगडते. दोघांनी एकाच दुपारी एकच पार्ट बदलला तर दोन प्रती उरतात, आणि मॉडेलच्या फाइली लेखासारख्या ओळीओळीने जुळवता येत नाहीत. एकाचं काम पुन्हा करावं लागतं. तिथे फाइल एकाच्या नावे कुलूपबंद करून देणारं पीडीएम सॉफ्टवेअर घ्यावं.