महिन्याच्या मध्यास योजना बदलल्यास पुढील देयक

जमा आणि नावे : ब्रॉडबँडचे मासिक भाडे जेथे आगाऊ आकारले जाते, तेथे मध्येच योजना बदलल्यास जुन्या योजनेच्या उर्वरित दिवसांची रक्कम जमेस आणि नव्या योजनेच्या तितक्याच दिवसांची नावे, अशा दोन्ही नोंदी पुढील देयकात एकत्र पडतात.

उदाहरण : समजा, शहापुरातील ग्राहकाने १६ जून रोजी ६०० रुपयांची योजना सोडून ९०० रुपयांची घेतली, तर १ जुलैच्या देयकात जुलैचे आगाऊ ९००, जूनच्या १५ दिवसांचे ४५० आणि वजावट ३००, मिळून १,०५० रुपये येतात, १८ टक्के कर धरून १,२३९. ऑगस्टचे देयक मात्र सरळ १,०६२ रुपयांचे.

उतरती योजना : मुरबाडच्या ग्राहकाने योजना उतरवली, तर ती बहुधा पुढील चक्रापासूनच लागू होते, मग वजावटीची ओळ देयकात शोधूनही सापडत नाही.