गाडी टायर आतून खाते तेव्हा

पंक्चर काढायला पुढचं चाक उतरवलं जातं आणि दुकानदार टायर फिरवून आतली बाजू दाखवतो. बाहेरून नक्षी शाबूत, मधल्या खोबणीही बऱ्यापैकी खोल. पण इंजिनाकडच्या काठाची बोटभर पट्टी गुळगुळीत झालेली असते, काही वेळा तर रबरातून पोलादी तारा डोकावत असतात. गाडीमालकाला ते खरं वाटत नाही, कारण तो रोज बाहेरच्याच बाजूने टायर बघत असतो. गाडी सरळ उभी असताना पुढच्या टायरचा आतला काठ दिसतच नाही.

अशा झिजेचा दोष बहुतेकदा हवेवर नाहीतर चालवणाऱ्यावर ढकलला जातो. पण हवा कमी असेल तर टायर दोन्ही काठांनी झिजतो, जास्त असेल तर मध्यावर. वळणं जोरात घेण्याची सवय असेल, तर घाटातल्या रस्त्यांवर टायरचा बाहेरचा खांदा आधी जातो. फक्त आतलाच काठ जात असेल तर चाक रस्त्यावर ज्या कोनात बसायला हवं त्या कोनात बसलेलं नाही. बॅलन्सिंगचाही इथे संबंध नाही. बॅलन्सिंग बिघडलं की ऐंशी-शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. ते चाकाच्या वजनाचं प्रकरण आहे, कोनाचं नाही. तरीही या दोन कामांची गल्लत इतकी सर्रास होते, की अनेकजण बॅलन्सिंगचे पैसे देऊन अलाइनमेंट झालं असं समजतात.

कोन मुख्यतः दोन. वरून पाहिलं तर पुढच्या चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलेली आहेत की एकमेकांपासून फाकलेली, हा ‘टो’. समोरून पाहिलं तर चाक उभं आहे की त्याचा माथा आत झुकला आहे, हा ‘कॅम्बर’. आतला काठ दोन्हींमुळे झिजू शकतो. मात्र अधिक नुकसान टो करतो, आणि किती करतो हे जरा आकड्यांत पाहण्यासारखं आहे.

चौदा इंची रिमची एक छोटी हॅचबॅक घेऊ. अशा अनेक गाड्यांत टो शून्याच्या आसपास ठेवलेला असतो, एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे. समजा, खड्ड्यात चाक आपटून टाय रॉड जरासा वाकला आणि चाकं मिळून सहा मिलिमीटर फाकली. म्हणजे रिमच्या पुढच्या आणि मागच्या काठांत प्रत्येक चाकाला तीन मिलिमीटरचा फरक. रिमचा व्यास सुमारे 380 मिलिमीटर धरला तर चाकाचा कोन अर्ध्या अंशाच्याही आत आहे, नुसत्या नजरेला कळणार नाही इतका. पण गाडी सरळ जाते आणि चाकाला मात्र बाहेर जायचं असतं, त्यामुळे ते फेंगड्या पायांनी चालणाऱ्या माणसासारखं पुढे जाता जाता बाजूला फरपटतं. दर किलोमीटरला साधारण आठ मीटर! चाकाच्या एका फेरीला हा हिशेब दीड सेंटिमीटरचा पडतो. रबर लवचिक असल्यामुळे त्यातला बराच भाग ते आधी सोसतं, पण रस्ता सोडता सोडता उसळून जागेवर येताना घासलं जातंच. चाकं फाकलेली असली की या घासण्याचा सगळा मार आतल्या काठावर येतो.

हाच मार टायरवर खूण सोडून जातो. हात स्वच्छ पुसून तळवा नक्षीवर आडवा फिरवावा, आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एकीकडे जाताना गुळगुळीत आणि परतताना खरखरीत, करवतीच्या दातांसारखं लागलं, तर टो चुकला आहे. चाकं फाकलेली असतील तर बाहेरून आत येताना दात हाताला अडकतात. झीज नुसतीच तिरकी पण गुळगुळीत असेल, आतून बाहेर नक्षी हळूहळू वाढत गेलेली असेल आणि दात लागत नसतील, तर संशय कॅम्बरवर घ्यावा. मात्र टायरमध्ये तारा दिसत असतील तर हात फिरवू नये, त्या बोटात घुसतात.

दुसरी खूण आणखी उपयोगी आहे आणि ती फार कमी लोक बघतात: दोन्ही टायर झिजलेत की एकच? टाय रॉड एकाच बाजूचा वाकला, तरी गाडी सरळ चालवताना चाकं तो फरक आपसांत वाटून घेतात. स्टिअरिंग तिरकं राहतं आणि दोन्ही टायर आतून घासतात. कॅम्बरचं तसं नाही, तो ज्या चाकाचा त्याच चाकापुरता राहतो. म्हणून डावा टायर आतून गुळगुळीत आणि उजवा ठणठणीत असेल, तर टाय रॉडऐवजी डाव्या बाजूचा जंपर, चाकाला धरणारा नकल आणि लोअर आर्म वाकलेत का ते पाहायला हवं.

इथेच अलाइनमेंटच्या दुकानाची मर्यादा उघड होते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे जंपरवर उभी राहणारी मॅकफर्सन पद्धत असते. त्यात टो फिरवता येतो. टाय रॉडचा लॉक नट सैल करून रॉड पिळला की झालं. कॅम्बर फिरवण्याची सोय मात्र बहुधा नसते. त्यामुळे मशीनच्या पडद्यावर कॅम्बरचा आकडा लाल राहतो आणि कारागीर म्हणतो, ‘ते सेट होत नाही साहेब.’ त्याचं म्हणणं खरं असतं. पण सेट होत नाही याचा अर्थ दुर्लक्ष करावं असा होत नाही. दोन बाजूंच्या कॅम्बरमध्ये मोठा फरक असेल तर काहीतरी वाकलंय, बसलंय किंवा सरकलंय, आणि ते बदलावं किंवा जागेवर आणावं लागतं.

याहून फसवा प्रकार लोअर आर्मच्या बुशचा. बुशचं रबर फाटलं, तरी उभ्या गाडीत चाक जागेवर असतं. मशीन हिरवे आकडे दाखवतं, मालक कागद घेऊन घरी जातो. रस्त्यावर ब्रेक दाबला की आर्म मागे सरकतो आणि अनेक गाड्यांत त्यासरशी चाक बाहेर फाकतं. हे दिवसभरात शेकडो वेळा घडतं. काही महिन्यांत नवा टायरही आतून गेला की दोष दुकानाच्या माथी मारला जातो. म्हणून कोन लावण्याआधी गाडी जॅकवर नीट उचलून, आधार देऊन, चाक दोन्ही बाजूंनी आडवं धरून हलवून पाहतात. खडखडलं तर बहुधा टाय रॉड एंड गेलेला असतो. वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. बुश बघायला गाडीखालीच जावं लागतं आणि पहारीने रेटून पाहावं लागतं. हे न करता केलेलं अलाइनमेंट फुकट.

आतून गेलेले टायर मागे टाकून मागचे पुढे आणण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. टायर फिरवणं चांगलंच, पण कोन न सुधारता फिरवले तर आणखी दोन टायर त्याच वाटेने जातात.

टायर बघायला गॅरेज लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, इंजिन बंद करून हँडब्रेक लावा. आता पुढच्या टायरचा आतला काठ बराच दिसतो. खोबणीत ठरावीक अंतरावर उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की 1.6 मिलिमीटरच उरली आणि कायद्यानेही टायर संपला. काठावर ते आधी दिसले तर मधली नक्षी बघून समाधान मानू नये. दुकानात गेल्यावर ‘आधीचे’ आणि ‘नंतरचे’ असे दोन्ही आकडे असलेला कागद मागून घ्या. नुसता नंतरचा कागद दिला, तर गाडीत मुळात काय बिघडलं होतं ते कळायला मार्ग राहत नाही. आणि तार दिसू लागलेला टायर कोन कितीही अचूक लावला तरी वापरायचा नाही, स्टेपनी म्हणूनसुद्धा नाही.