वर्गाच्या फोटोचे कॉमिक करताना चेहरे काळे का पडतात?

शाळेच्या वार्षिकांकासाठी वर्गाच्या फोटोंची कॉमिक पट्टी करायची असेल, तर शिक्षकांनी कामाला लावण्याआधीच मुलांना एक गोष्ट सांगायला हवी: कुणाचाही चेहरा काळा डाग होऊन छापला जाऊ नये.

असे का होते?
समजा, भंडारा जिल्ह्यातील अंबागड किल्ल्याच्या सहलीचा फोटो आहे. जिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये `Colors > Threshold` निवडले की 0 ते 255 या मापात साधारण मध्यावर सीमा लागते. त्याहून उजळ भाग पांढरा होतो, बाकी सारा काळा. मग तटाच्या सावलीत उभ्या असलेल्या किंवा सावळ्या मुलाचे नाक-डोळे त्या काळ्यात बुडतात.

उपाय काय?
संपूर्ण फोटोला एकच सीमा लावू नये. तेवढा चेहरा निवडून आकडा हळूहळू खाली आणावा. डोळे, नाक, ओठ वेगळे दिसले की थांबावे. फार खाली गेल्यास चेहऱ्याच्या रेषाच पुसल्या जातात.

संवादाचा फुगा कुठे?
डोक्यावरच्या मोकळ्या आकाशात. त्यासाठी फोटो कापताना वर जागा ठेवावी. फुग्यातले वाक्य ज्याच्या तोंडी आहे, त्याला छपाईआधी वाचून दाखवावे. त्याला ते खुपले, तर बदलावे.