एसजीपीटी ७८, तरी गोळी चालू

रक्ताच्या रिपोर्टवर एक आकडा ठळक छापलेला असतो : एसजीपीटी ७८. शेजारच्या रकान्यात बारीक अक्षरात मर्यादा दिलेली असते, ४० पर्यंत. घरातलं कुणी तो कागद वाचतं आणि पहिला संशय कोलेस्टेरॉलच्या गोळीवर घेतो. ‘ही गोळी लिव्हर खराब करते म्हणे.’ त्याच रात्री गोळी बंद होते, डॉक्टरांना न विचारता.

समजा, हा रिपोर्ट छप्पन्न वर्षांच्या एका गृहस्थांचा आहे. दहा वर्षांपासून मधुमेह, सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’, क्रिएटिनिन १.८. रोज रात्री रोसुवास्टॅटिन २० मिलिग्रॅम. पोट सुटलेलं, पण कावीळ नाही, बिलिरुबिन अगदी व्यवस्थित. त्यांची गोळी थांबवावी का?

उत्तरासाठी आधी हे बघावं लागतं की ७८ आला कुठून. चरबी साठलेल्या यकृताच्या पेशींना सूज येते, तेव्हा त्यांच्यातलं हे एन्झाइम रक्तात झिरपतं. म्हणजे गोळी सुरू होण्याआधीही हा आकडा वाढलेला असू शकतो. या गृहस्थांच्या जुन्या फायलीत दोन वर्षांपूर्वीचा, गोळीच्या आधीचा रिपोर्ट सापडला. त्यात एसजीपीटी ८२ होता. जुना कागद जपून ठेवण्याचं मोल इथे कळतं.

ग्रीसमधल्या ‘ग्रीस’ याच नावाच्या चाचणीतून २०१० साली याबद्दल महत्त्वाची माहिती पुढे आली. हृदयविकाराच्या ४३७ रुग्णांच्या यकृताच्या तपासण्या सुरुवातीपासूनच बिघडलेल्या होत्या, बहुधा फॅटी लिव्हरमुळे. त्यांपैकी २२७ जणांना स्टॅटिन मिळालं, २१० जणांना नाही. गोळी घेणाऱ्यांचे यकृताचे आकडे सुधारले, न घेणाऱ्यांचे आणखी वाढले. हृदयविकाराचे नवे झटके किंवा तशा घटना पहिल्या गटात सुमारे दहा टक्के लोकांना झाल्या, दुसऱ्या गटात तीस टक्के लोकांना. ही मूळ चाचणीनंतर केलेली फेरमांडणी होती, त्यामुळे तिला अंतिम पुरावा म्हणता येत नाही. पण फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार हेच असतं. म्हणून ७८ आकडा पाहून गोळी सोडणं म्हणजे लहान धोक्याला भिऊन मोठ्याला दार उघडणं.

थांबायची वेळ वेगळी असते. एसजीपीटी मर्यादेच्या तिप्पट ओलांडून वर गेला, म्हणजे इथे साधारण १२० च्या पुढे, तर तपासणी पुन्हा करून कारण शोधतात. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, पोटात पाणी साठणं ही लक्षणं असतील तर मामला गंभीर आहे. यकृताचा सिरोसिस होऊन ते कामच सोडत असेल, तर स्टॅटिन सहसा टाळतात. फक्त चरबी साठलेलं यकृत त्या गटात बसत नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१२ साली ठरावीक काळाने यकृताची तपासणी करत राहण्याची सूचनाही काढून टाकली. गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा आणि नंतर गरज पडल्यास, एवढंच उरलं.

या गृहस्थांची खरी अडचण दुसऱ्याच रकान्यात होती. वय आणि १.८ क्रिएटिनिन धरून मोजलं, तर त्यांच्या किडनीची गाळण्याची क्षमता, ईजीएफआर, ४४ च्या आसपास येते. किडनीचं काम फारच मंदावलं, ३० च्याही खाली गेलं, की रोसुवास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण सुमारे तिप्पट होऊ शकतं. म्हणून तिथे ते ५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि १० च्या वर नेत नाहीत. ४४ वर बंदी नाही, पण किडनीच्या आजारासाठीची २०१३ ची आंतरराष्ट्रीय शिफारस रोसुवास्टॅटिन १० किंवा ॲटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम सुचवते. ॲटोरव्हास्टॅटिन लघवीवाटे दोन टक्क्यांहून कमी बाहेर पडतं, त्यामुळे किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही. डॉक्टरांनी तेच लिहून दिलं.

डायलिसिसवरच्या रुग्णांना ते नव्याने सुरू केल्यास फायदा दिसत नाही, हे दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवलंय. आधीपासून चालू असेल तर मात्र चालू ठेवतात.

दोन महिन्यांनी या गृहस्थांना कफ-खोकला झाला आणि ते थेट औषधाच्या दुकानात गेले. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक ॲटोरव्हास्टॅटिनचं यकृतातलं विघटन रोखतं. मग ते रक्तात साठतं, स्नायू झिजू लागतात, मांड्या दुखतात, लघवी काळ्या चहासारखी होते. झिजलेल्या स्नायूंचा सगळा गाळ आधीच थकलेल्या किडनीवर येतो. म्हणून काउंटरवर ‘मी कोलेस्टेरॉलची गोळी घेतो, किडनीही थोडी कमी चालते’ एवढं सांगितलं, की दुकानदार ते अँटिबायोटिक हातात देण्याआधी डॉक्टरांना फोन करतो.