शोरूमच्या पाटीवरची रेंज

'या शनिवार-रविवारी टेस्ट राइड, एका चार्जमध्ये 120 किलोमीटर' अशी ओळ इलेक्ट्रिक स्कूटरच्या जाहिरातीत सर्रास दिसते. त्यातला आकडा खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचा नसतो. इंडियन ड्रायव्हिंग सायकल या चाचणीत गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर चालते. वेग 42 च्या वर जात नाही, सरासरी 22 च्या आसपास राहते, मागे कोणी बसलेले नसते आणि चढ तर नसतोच. पुण्यातल्या एआरएआयसारखी संस्था हे प्रमाणित करते, कारण सगळ्या गाड्यांना एकच माप लावायचे असते. तुलनेसाठी हा आकडा उत्तम आहे. तो रोजच्या वापराचा म्हणून विकला की फसगत होते.

समजा, बॅटरी 3 किलोवॉट-तासांची आहे. 120 किलोमीटर म्हणजे किलोमीटरला 25 वॉट-तास. शहरात 50-55 च्या वेगाने, सिग्नलवर थांबत-पळत हा खर्च सहज 33 वर जातो आणि रेंज 90 वर येते. त्यात डबलसीट आणि घाट आला, की गाडी व दोन माणसे मिळून अडीचशे किलो वजन शंभर मीटर वर चढवायलाच सुमारे 85 वॉट-तास लागतात, म्हणजे सपाटीवरचे अडीच किलोमीटर गेले. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हायवेवर चार्ज भराभर उतरतो.

डीलर म्हणतील, शेजारचा 120 लिहितो, आम्ही 90 लिहिले तर गिऱ्हाईक तिकडे जाईल. ही अडचण खरी आहे, म्हणून दोन्ही आकडे लिहावेत: 'प्रमाणित 120, शहरात एकट्याने 85 ते 95, डबलसीट आणि चढावर 70 च्या आसपास.' हा फरक गिऱ्हाइकाला पहिल्याच आठवड्यात कळणार असतो. तो विकण्याआधी कळला तर निदान सर्व्हिस सेंटरवर भांडण होत नाही.

टेस्ट राइडमध्येच रेंज कळेल, असेही कोणी म्हणेल. सहा किलोमीटरच्या फेरीत चार्ज जेमतेम सहा-सात टक्के उतरतो. स्क्रीनवर एका टक्क्याचा फरक पडला, तरी अंदाज दहा-पंधरा किलोमीटरने हलतो. त्यापेक्षा ट्रिप मीटरवर किलोमीटरला किती वॉट-तास लागले, हे दिसत असेल तर ते पाहावे, आणि घरचे माणूस मागे बसवून उड्डाणपूल चढून यावे. लायसन्स व हेल्मेट सोबत न्यावे.

बुकिंगची माहितीही जाहिरातीत रेंजच्या आकड्यांखालीच हवी. टोकन किती, रद्द केल्यास किती दिवसांत किती परत, ऑन-रोड किमतीत विमा, नोंदणी आणि चार्जर धरलेत का, हे स्पष्ट असावे. पावतीवर बॅटरीची क्षमता नेमकी लिहून घ्यावी, कारण एकाच नावाची गाडी दोन-तीन क्षमतांमध्ये मिळते आणि शोरूममध्ये चालवलेली बहुधा मोठ्या बॅटरीची असते.