थट्टा कपड्याची, माणसाची नाही

काही वर्षांपूर्वी ईद-मिलनच्या दिवशी आमच्या अमरावतीच्या शाळेत, स्टाफरूममध्ये, कपड्यांवरून दोन थट्टा झाल्या. पहिलीवर आम्ही सगळ्याजणी पोट धरून हसलो. दुसरीवरही हसलो, पण त्यानंतर एक मैत्रीण दोन वर्षं ईद-मिलनला आली नाही. ती दुसरी थट्टा माझी होती.

पहिली अशी. आमच्या एक आपा, वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, भडक केशरी अनारकली घालून आल्या. दारातच एका तरुण शिक्षिकेने सलाम केला आणि म्हणाली, "आपा, मृग बहर संपला म्हणत होते, इथे तर अख्खं झाड लदलेलं आहे! वरुडचा व्यापारी पाहील तर झाडावरच सौदा करून टाकील." आपांनी पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "करू दे बाई. पण त्याले सांगजो, भाव टनाचा नाही, नगाचा लागेल."

दुसरी अशी. माझी मैत्रीण अकोल्याची, लग्न होऊन अमरावतीत आलेली. तिने हिरवा शरारा घातला होता, कुर्त्याला नवीन गोटा लावलेला. मी तो शरारा ओळखला आणि सर्वांसमोर बोलून गेले, "काय वं, हा तर तुझ्या बहिणीच्या निकाहातला! अकोल्याचा माल पक्का निघाला." सगळ्या हसल्या. तीही हसली. मग तिने ओढणी पुढे ओढून गोटा झाकला आणि शेवटपर्यंत तशीच बसली.

त्या वर्षी तिच्या नवऱ्याचं दुकान बंद पडलं होतं. तीन मुलांचे कपडे घेतल्यावर स्वतःसाठी काही उरलं नाही. तिने जुन्या कुर्त्याची शिवण उसवली, आतली दाब सोडून तो अंगाला बसवला आणि रात्री जागून गोटा लावला. हे तिने मला दोन वर्षांनी सांगितलं.

शब्द पाहिले तर माझं वाक्य पहिल्यापेक्षा सौम्य होतं. तरी ते लागलं. कारण केशरी रंग ही आपांची निवड होती. तो भडक आहे हे त्यांना दुकानातच माहीत होतं आणि त्यांना तो तसाच हवा होता. जुना शरारा ही माझ्या मैत्रिणीची निवड नव्हती, मजबुरी होती. थट्टा निवडीची करावी, मजबुरीची करू नये. रंग, चमक, टिकल्या, बाहीचा फुगा, सँडलची टाच ही निवड. कद, वजन, वर्ण, वय आणि खिसा ही निवड नाही. कोणी बुरखा घेते, कोणी घेत नाही, कोणाच्या सासरी काय चालतं, यालाही हात लावू नये.

फसगत होते ती मधल्या जागी. "टेलरने कापड वाचवलं वाटतं" हे वाक्य टेलरवर आहे असं वाटतं, पण ऐकणारीच्या मनात ते तिच्या वजनावर जाऊन पडतं. "या रंगात तू उजळ दिसतेस" ही तारीफ वाटते, पण एरवी काळी दिसतेस हेही तीत येतं. म्हणून बोलण्याआधी एकच पाहावं: हाच कपडा दुसऱ्या कोणी घातला असता तर हे वाक्य तसंच लागू झालं असतं का? आपांची अनारकली खुंटीवर टांगली असती तरी संत्र्याचा विनोद चालला असता. टेलरचा विनोद खुंटीवर चालत नाही, त्याला अंग लागतं.

हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. ते मिस्वाक तोडायला झाडावर चढले, वाऱ्याने कपडा सरकला आणि त्यांच्या बारीक पिंढऱ्या पाहून लोक हसले. अल्लाहचे प्रेषित (स.) यांनी सांगितलं की हेच पाय मीजानमध्ये उहुद पर्वतापेक्षा जड भरतील. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची खिल्ली उडवण्याची मनाई आहे, आणि पुरुषांना सांगून झाल्यावर स्त्रियांना वेगळं सांगितलं आहे. मग मैत्रिणींनी हसूच नये का? हसावं. प्रेषित (स.) स्वतःही मिस्कील बोलत. एकाने स्वारीसाठी उंट मागितला तेव्हा ते म्हणाले की तुला उंटिणीचं पिल्लू देऊ. तो गोंधळला, तेव्हा म्हणाले की प्रत्येक उंट कोणत्या तरी उंटिणीचंच पिल्लू असतो. या विनोदात मागणाऱ्याचं काहीच कमी झालं नाही. उलट त्याला उंट मिळाला.

थट्टा मोठी आणि अशक्य असावी. आपला वऱ्हाडी विनोद तसाच आहे. फुग्याच्या बाह्यांना "बाह्या फुगल्यात" म्हटलं तर ती टीका होते. "इतका कापूस घरात काहून ठेवला, जिनिंगवर नेऊन भाव तरी विचार" म्हटलं तर ऐकणारीला जागा मिळते. ती म्हणू शकते, "भाव वाढू दे, मग विकीन." तिला उत्तर देता यावं, ही चांगल्या थट्टेची खूण. माझ्या वाक्याला माझ्या मैत्रिणीकडे उत्तर नव्हतं. ती काय म्हणणार होती, पैसे नव्हते?

वेळही पाहावी. नव्या कपड्याला आधी तारीफ. हबश्याहून परतलेल्या लहानग्या उम्मे खालिद (रजि.) यांना प्रेषित (स.) यांनी स्वतःच्या हाताने चादर पांघरली आणि हबशी भाषेतच ती छान असल्याचं सांगितलं. माझ्या भावाचा निकाह मे महिन्यात अकोल्यात होता, पारा ४५ च्या घरात, आणि नवरदेवाला मखमली शेरवानी. त्याच्या दोस्ताने निकाह होईपर्यंत तोंड उघडलं नाही. जेवणाच्या वेळी म्हणाला, "दुल्हेमियाँ, मेहर बर्फात ठरवला असता तर दोघांचंही भलं झालं असतं." निकाहाआधी हेच ऐकून भाऊ दिवसभर आरशात पाहत बसला असता. आणि गोष्ट दुरुस्त होण्यासारखी असेल, लेबल लटकतंय किंवा शिवण उसवली आहे, तर विनोद नकोच. बाजूला नेऊन कानात सांगावं.

लागलं की नाही, हे हसण्यावरून कळत नाही. हातावरून कळतं. हात कपड्याकडे गेला, ओढणी सरकली, किंवा ती "घाईत हेच हाती लागलं" असं कारण सांगू लागली, की तिथेच थांबावं. "अगं, मस्करी केली" असं चारचौघांत म्हणू नये. त्याने तोच घाव दुसऱ्यांदा बसतो. विषय बदलावा, आणि नंतर एकटीला गाठून साध्या शब्दांत म्हणावं, "मी चुकले." मला हे म्हणायला दोन वर्षं लागली.

या ईदला ती आली. मी गोंड्यांची ओढणी घेतली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सर्वांसमोर म्हणाली, "काय वं, दाराचं तोरण गळ्यात घालून आलीस?" मी म्हटलं, "दार उघडंच आहे, ये." शिरखुर्म्याच्या वाट्या आम्ही शेजारी बसून संपवल्या.