भिंतीला भोक न पाडता बांधलेली परांची

कोकणात जांभ्याच्या दुमजली घराला बाहेरून गिलावा झाला की पुढच्या पावसाळ्यात काही भिंतींवर ओळीने ओले डाग उमटतात. डागांमधलं अंतर मोजलं तर ते परांचीच्या आडव्या वाशांइतकंच भरतं. बांबूची एकेरी परांची बांधताना वाशाचं एक टोक भिंतीतल्या भोकात अडकवतात. परांची उतरवली की भोकं घाईने बुजवतात, पण आधीच्या गिलाव्याशी तो माल नीट सांधत नाही. मग त्या कडेने बारीक चीर पडते आणि पाणी तिथून आत शिरतं.

लोखंडी पाइपांची दुहेरी परांची हा त्यावरचा उपाय. तिला उभ्या पाइपांच्या दोन रांगा असतात, त्यामुळे फळ्यांचं आणि माणसांचं वजन भिंतीवर न पडता जमिनीवर उतरतं. आतली रांग भिंतीपासून साधारण 30 सेंटिमीटरवर ठेवतात. जागा त्याहून कमी असली तर गवंड्याचा हात आणि रंधा अडतो; जास्त असली तर तो भिंतीकडे वाकतो आणि तोल जाण्याची भीती असते.

सामान किती लागतं? 9 मीटर लांब आणि 7.5 मीटर उंच अशी एक बाजू धरू. बाजारात ज्याला दीड इंची म्हणतात, तो पाइप बाहेरून 48.3 मिलिमीटर भरतो. सुमारे 1.7 मीटर अंतराने एका रांगेत सहा, म्हणजे दोन रांगांत बारा उभे पाइप. प्रत्येक उभा 6 मीटरच्या पाइपाला दीड मीटरचा तुकडा जोडून होतो. सगळे सांधे एकाच पातळीत आले तर परांची तिथेच कमकुवत होते, म्हणून एकाला तुकडा वर, तर शेजारच्याला खाली लावतात.

लांब आडवे पाइप जमिनीलगत आणि मग 1.8, 3.6 व 5.4 मीटरवर येतात. दोन रांगांना जोडणारे दीड मीटरचे तुकडे त्यांवर बसतात. फळी मध्ये लचकू नये म्हणून दोन उभ्यांच्या मधोमध आणखी एक तुकडा घालतात. कठड्याच्या आणि तिरप्या पाइपांसह 6 मीटरचे 24, तीन मीटरचे 10 आणि दीड मीटरचे 41 नग होतात. पाइपाची जाडी 3.2 मिलिमीटर असेल, तर हे लोखंड 840 किलोच्या आसपास भरतं.

क्लॅम्पचा हिशेब मात्र पुष्कळदा चुकतो. लांब आडवे आठ, प्रत्येकाची सहा उभ्यांशी गाठ, म्हणजे 48 काटकोनी क्लॅम्प. जोडतुकडे 24, प्रत्येकाला दोन, म्हणजे आणखी 48. मधले तुकडे आणि कठडा धरून हा आकडा 118 वर जातो. तिरप्यांसाठी फिरते क्लॅम्प आठ, सांध्यांसाठी 22 जोड वेगळे. क्लॅम्प कमी पडले की कामगार तारेने किंवा सुंभाने पाइप बांधतात आणि भार आला की तो गुळगुळीत पाइपावरून घसरतो.

भाड्याने आलेला प्रत्येक क्लॅम्प हातात घेऊन पाहावा. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. तो मध्येच अडला किंवा घट्ट करताना नुसताच फिरत राहिला, तर आटे गेलेले असतात. जबडा फाकलेला असेल तर पान्याने आवळूनही पाइप हाताने फिरतो. असा क्लॅम्प बाजूला काढावा.

जोत्याभोवतीची भरावाची माती हा दुसरा धोका. तिच्यावर नुसता पाइप टेकवला तर पाणी मारताना माती भिजते, एक पाय खचतो आणि वरची फळी तिरकी होते. म्हणून माती चोपून, जाड फळी टाकून, तिच्यावर लोखंडी पट्टीचा पाय ठेवतात.

दोन रांगांमधली रुंदी जेमतेम एक मीटर, त्यामुळे एवढी उंच परांची भिंतीला बांधावीच लागते. वरच्या मजल्याच्या खिडक्या इथे कामी येतात. खिडकीच्या आतून, गाळ्यापेक्षा लांब पाइप भिंतीला आडवा लावतात आणि बाहेर आलेल्या पाइपाशी क्लॅम्पने जखडतात. भिंतीला भोक पडत नाही.

गिलावा वरून खाली येतो आणि सहसा दोन थरांत होतो. पहिल्या थरानंतर भाडं वाचवायला खालचे पाइप किंवा खिडकीतले बांध सोडले, तर दुसऱ्या थराला गवंडी डळमळत्या फळीवर चढतो. दुसरा थर पुरा होऊन पाणी मारून झाल्यावरच परांची वरून उतरवायची. खिडकीतला पाइप त्याची पातळी आल्यावर सुटतो आणि गवंडी खालच्या फळीवरून त्या गाळ्याची राहिलेली कड भरून घेतो.